लहरी चाचण्या: एकाच कोडवर दोन निकाल का लागतात

स्वयंचलित चाचणी म्हणजे प्रोग्रामचा एखादा भाग ठरावीक परिस्थितीत चालवून त्याचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले की नाही हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्राम. तपासला जाणारा कोड बदललेला नाही, चाचणीही बदललेली नाही, आणि तरीही ती एकदा पास आणि एकदा फेल होत असेल, तर तिला या व्यवसायात ‘फ्लेकी टेस्ट’ म्हणतात; प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘लहरी चाचणी’ हा शब्द वापरला आहे. शब्द सोयीचा असला तरी त्यातून होणारा एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. संगणक दिलेल्या आज्ञा जशाच्या तशा पाळतो, त्यामुळे निकाल बदलला याचा अर्थ चाचणीपर्यंत पोचणारे काहीतरी बदलले, आणि ते चाचणी लिहिणाऱ्याने हिशेबात धरलेले नव्हते. कधी ती वेळ असते, कधी आधीच्या चाचणीने मागे ठेवलेली माहिती असते, कधी चाचण्यांचा क्रम, तर कधी यादृच्छिक संख्या. या सर्वांना ‘छुपे इनपुट’ म्हणता येईल. ते उघड केले की लहर संपते, आणि उघड न करता चाचणी केवळ पुन्हा चालवली तर ती दडपली जाते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रश्नाचा आवाका कळावा म्हणून गूगलच्या जॉन मिको यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे पाहावेत. तेथील एकूण चाचणी-रनपैकी सुमारे दीड टक्का रनचा निकाल लहरी होता. हे प्रमाण क्षुल्लक वाटते, पण जवळजवळ 16 टक्के चाचण्यांमध्ये लहरीपणाचा काही ना काही अंश आढळला होता, आणि पास होणारी चाचणी अचानक फेल झाल्याच्या घटनांपैकी सुमारे 84 टक्के घटनांत लहरी चाचणीचा हात होता. तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे. चाचणीने लाल दिवा दाखवावा आणि प्रोग्रामरने थांबून पाहावे, हा सारा व्यवहार विश्वासावर चालतो. बहुतेक लाल दिवे खोटे निघू लागले की खऱ्याकडेही कोणी पाहत नाही.

कारणांच्या वाटणीबाबत दोन अभ्यास नेहमी शेजारी ठेवून वाचावे लागतात. लुओ, हरीरी, एलुसी आणि मारिनोव्ह यांनी 2014 मध्ये अपाचेच्या खुल्या प्रकल्पांतील लहरी चाचण्यांच्या दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा सुमारे 45 टक्के प्रकरणांत मागे चाललेल्या कामाची नीट वाट न पाहणे, 20 टक्के प्रकरणांत समांतर चालणाऱ्या कामांची टक्कर आणि 12 टक्के प्रकरणांत चाचण्यांचा क्रम हे कारण निघाले. ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये पायथन भाषेतील हजारो प्रकल्प घेऊन त्यांच्या चाचण्या ठरलेल्या क्रमाने तसेच क्रम बदलून शेकडो वेळा चालवल्या. तेथे क्रमावरचे अवलंबित्व 59 टक्क्यांवर गेले. प्रकल्पांच्या भाषांमधील फरक हे या तफावतीचे एक स्पष्टीकरण आहे. शोधण्याच्या रीतीतील फरक मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो. पहिल्या अभ्यासात प्रोग्रामरांना जो त्रास जाणवला आणि त्यांनी जो दुरुस्त केला तेवढाच मोजला गेला. दुसऱ्यात क्रम मुद्दाम हलवला गेला, त्यामुळे एरवी निद्रिस्त राहिलेले दोषही वर आले. क्रमाचा दोष कोडमध्ये वर्षानुवर्षे पडून राहू शकतो, कारण रोजचा क्रम त्याला झाकत असतो.

पुढील विवेचनासाठी एक कल्पित पण या क्षेत्रात सर्रास आढळणारी रचना घेतली आहे. बसच्या आसनांचे आरक्षण करणारा एक पायथन प्रोग्राम आहे. प्रवाशाने आसन निवडले की ते पंधरा मिनिटे राखून ठेवले जाते, भाडे डेटाबेसमधून वाचले जाते, आणि पैसे आले की आरक्षण पक्के होते. चाचण्या `pytest` या साधनाने चालतात. प्रत्येक बदलानंतर त्या एका सामाईक सर्व्हरवर आपोआप चालवल्या जातात. या व्यवस्थेला सीआय म्हणतात.

वेळ

आसन राखण्याचे काम प्रोग्राममध्ये दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच वेळी शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या कार्यधारेवर होते. ते तपासणारी चाचणी बहुतेक ठिकाणी प्रथम अशी लिहिली जाते:

```python
def test_hold_saved():
    start_hold("A7")
    time.sleep(0.5)
    assert status("A7") == "held"
```

`start_hold` काम सुरू करून लगेच परत येते, ते पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. म्हणून चाचणी अर्धा सेकंद झोपते आणि मग आसनाची स्थिती विचारते. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर आसन राखायला 40 मिलिसेकंद लागत असतील, तर अर्धा सेकंद म्हणजे बारापट सवड झाली. सीआयच्या सर्व्हरवर मात्र त्याच क्षणी इतर दहा कामे प्रोसेसर मागत असतात, डिस्क व्यग्र असते, पायथनची कचरासफाई मध्येच सुरू होते, आणि एखाद्या रनमध्ये तेच काम 700 मिलिसेकंद घेते. त्या रनमध्ये चाचणी फेल होते. कोडमध्ये चूक नसते. चाचणीने मात्र ‘आसन राखले जाते’ या विधानाऐवजी ‘आसन अर्ध्या सेकंदात राखले जाते’ हे विधान तपासलेले असते, आणि ते विधान कोणीही केलेले नव्हते.

येथे पहिला उपाय म्हणून झोपेची मुदत वाढवली जाते. अर्ध्याचे दोन सेकंद केले की फेल होण्याचे प्रमाण खरोखर घटते, पण शून्य होत नाही, आणि किंमत प्रत्येक यशस्वी रनला मोजावी लागते: अशा 600 चाचण्या असतील तर 1200 सेकंद, म्हणजे वीस मिनिटे, नुसत्या झोपेत जातात. योग्य उपाय वाट पाहण्याची रीत बदलण्यात आहे. ठरावीक वेळ झोपण्याऐवजी अपेक्षित स्थिती आली का हे थोड्या थोड्या अंतराने विचारावे आणि ती आली की लगेच पुढे जावे:

```python
def wait_until(cond, limit=10.0, step=0.02):
    end = time.monotonic() + limit
    while time.monotonic() < end:
        if cond():
            return
        time.sleep(step)
    raise AssertionError("timeout")
```

या रचनेत दहा सेकंदांची मर्यादा केवळ अपयशाच्या वेळी खर्च होते. एरवी चाचणी 40 ते 60 मिलिसेकंदांत पुढे सरकते, म्हणून मर्यादा ऐसपैस ठेवता येते. `time.monotonic` मुद्दाम वापरले आहे: संगणकाचे नेहमीचे घड्याळ नेटवर्कवरून जुळवले जाते तेव्हा ते मागेपुढे सरकू शकते, तर हे घड्याळ कधीच मागे जात नाही.

या उपायालाही मर्यादा आहे आणि ती लक्षात न घेतल्याने नवी लहर शिरते. ‘काहीतरी घडले’ हे असे विचारत राहून कळते. ‘काहीच घडले नाही’ हे कळत नाही. प्रवाशाने बटण दोनदा दाबले तरी संदेश एकच गेला पाहिजे, हे तपासायचे असेल तर दुसरा संदेश येत नाही म्हणून किती वेळ थांबावे याला उत्तर नाही. अशा ठिकाणी कामांच्या रांगेत शेवटी एक खुणेचे काम टाकावे आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबावे; रांग क्रमाने रिकामी होत असेल तर खुणेच्या आधीचे सर्व काही उरकलेले आहे अशी खात्री मिळते, आणि मग संदेश मोजता येतात.

पंधरा मिनिटांनी राखीव आसन मोकळे होते का, हे तपासायला पंधरा मिनिटे थांबणे कोणालाच परवडत नाही. येथे घड्याळच बाहेरून देण्याची सोय कोडमध्ये ठेवतात: कोड ‘आता किती वाजले’ हे थेट यंत्रणेला न विचारता त्याला दिलेल्या घड्याळाला विचारतो, आणि चाचणी त्याला स्वतःच्या हातातले घड्याळ देऊन काटे चौदा मिनिटे एकोणसाठ सेकंदांवर व पंधरा मिनिटे एक सेकंदावर नेऊन ठेवते.

वेळेचा आणखी एक प्रकार भारतात काम करणाऱ्यांना विशेष ओळखीचा असायला हवा. समजा, कोड प्रवासाची तारीख भारतीय प्रमाणवेळेनुसार काढतो आणि चाचणी अपेक्षित तारीख `date.today()` ने काढते, म्हणजे ती ज्या संगणकावर चालते त्याच्या वेळेनुसार. सीआयचे सर्व्हर बहुधा जागतिक समन्वित वेळेवर, म्हणजे यूटीसीवर लावलेले असतात, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सकाळी साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत दोन्ही तारखा एकच असतात. मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळात मात्र यूटीसीमध्ये अजून आदला दिवस चालू असतो. म्हणून ही चाचणी पुण्यातील कार्यालयात दिवसभर कितीही वेळा चालवली तरी पास होते आणि रात्रीच्या नियोजित रनमध्ये फेल होते, आणि सकाळी कोणी पाहायला बसले की पुन्हा पास होते. फेल झालेल्या रनच्या वेळा एका खाली एक मांडल्या तर हे कारण पाच मिनिटांत दिसते. त्या मांडल्या नाहीत तर महिनोन्‌महिने दिसत नाही.

सामाईक स्थिती आणि क्रम

दुसरे मोठे कारण चाचण्यांच्या परस्परसंबंधात आहे. प्रत्येक चाचणी स्वतंत्र आहे असे गृहीत धरले जाते, पण एका प्रोसेसमध्ये चालणाऱ्या सर्व चाचण्या एकच स्मृती वापरतात, आणि एकीने तेथे ठेवलेली वस्तू दुसरीला सापडते. भाड्याचे उदाहरण असे:

```python
_fares = {}

def fare(route):
    if route not in _fares:
        _fares[route] = load_from_db(route)
    return _fares[route]
```

डेटाबेसकडे वारंवार जावे लागू नये म्हणून एकदा वाचलेले भाडे `_fares` मध्ये जपून ठेवले जाते. अशा साठ्याला कॅश म्हणतात. आता या कोडच्या दोन चाचण्या पाहाव्यात:

```python
def test_fare_from_db():
    assert fare("R1") == 240

def test_free_pass():
    _fares["R1"] = 0
    assert total("R1", seats=3) == 0
```

दुसरी चाचणी मोफत पासची सोय तपासण्यासाठी कॅशमध्ये शून्य भाडे ठेवते आणि ते तसेच सोडून निघून जाते. `pytest` सामान्यतः फाइलमध्ये लिहिलेल्या क्रमाने चाचण्या चालवते, म्हणून पहिली चाचणी आधी होते, तिला 240 मिळतात, आणि दोन्ही पास होतात. क्रम उलटला की `fare("R1")` डेटाबेसकडे जातच नाही, कॅशमधले शून्य परत देते, आणि पहिली चाचणी `assert 0 == 240` असा निरोप देऊन फेल होते. संशोधनाच्या परिभाषेत शून्य मागे ठेवणाऱ्या चाचणीला ‘पोल्यूटर’, म्हणजे दूषित करणारी, आणि फेल होणाऱ्या चाचणीला ‘व्हिक्टिम’, म्हणजे बळी, म्हणतात. ही नावे एक न्याय्य गोष्ट सांगतात: अहवालात नाव बळीचे छापले जाते, दोष दुसरीचा असतो, आणि `test_fare_from_db` कितीही बारकाईने वाचली तरी त्यात काही चुकीचे सापडणार नाही.

क्रम पूर्णपणे यादृच्छिक असेल तर दूषित करणारी चाचणी बळीच्या आधी येण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून निम्मे रन फेल व्हावेत. व्यवहारात प्रमाण याहून कमी दिसते, कारण मध्ये एखादी तिसरी चाचणी स्वतःच्या कामासाठी `_fares.clear()` करून नकळत साफसफाई करते. या तिघींचे सहा क्रम शक्य आहेत, त्यांपैकी दूषित करणारी बळीच्या आधी आणि त्यांच्यामध्ये साफ करणारी नाही असे दोनच. म्हणजे शक्यता निम्म्यावरून एक-तृतीयांशावर येते. साफ करणाऱ्या चाचण्या जितक्या अधिक, तितका दोष दुर्मीळ होतो, आणि पुढे कोणीतरी त्यांपैकी एक चाचणी निरुपयोगी म्हणून काढून टाकली की कुठल्याही दृश्य कारणाविना भाड्याची चाचणी अधिक वेळा फेल होऊ लागते. याच्या उलट प्रकारही असतो. काही चाचण्या आधीच्या चाचणीने केलेल्या तयारीवरच पास होतात आणि एकट्या चालवल्या की फेल होतात; त्यांना ‘ब्रिटल’, म्हणजे ठिसूळ, असे नाव आहे.

क्रम कोणी बदललाच नाही तर हा दोष निरुपद्रवी आहे, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो आणि तो टिकत नाही. संच मोठा झाला की तो चार-आठ प्रोसेसमध्ये वाटून एकाच वेळी चालवला जातो, आणि कुठली चाचणी कुठल्या प्रोसेसकडे जाईल हे आधीची कोणती किती लवकर संपली यावर ठरू शकते. दूषित करणारी आणि बळी एकाच प्रोसेसमध्ये आल्या तर फेल, वेगळ्या पडल्या तर पास. क्रमाचा दोष अशा रीतीने वेळेच्या दोषाचे रूप घेतो, आणि लक्षणांवरून कारण ओळखणे अवघड होते. जावामध्येही असेच घडले आहे: वर्गातील पद्धतींची यादी कोणत्या क्रमाने मिळेल याची हमी भाषेने दिलेली नव्हती, जावा 7 मध्ये तो क्रम बदलला, आणि नकळत जुन्या क्रमावर विसंबलेल्या चाचण्या उघड्या पडल्या. त्यानंतर जेयुनिट 4.11 मध्ये क्रम निश्चित करण्याची सोय आली.

म्हणूनच चाचण्यांचा क्रम प्रत्येक रनमध्ये मुद्दाम पिसणे ही चांगली सवय मानली जाते. पिसण्याने लहर निर्माण होते असा आक्षेप घेतला जातो. प्रत्यक्षात दोष आधीच तेथे असतो आणि पिसण्याने तो लवकर दिसतो, ज्या दिवशी तो लिहिला गेला त्याच्या जवळपास. अट एकच आहे: क्रम पुन्हा जसाच्या तसा उभा करता आला पाहिजे. संगणकाच्या यादृच्छिक संख्या एका आरंभीच्या संख्येपासून, म्हणजे ‘सीड’पासून, गणिताने काढल्या जातात, आणि सीड तोच असेल तर साऱ्या संख्या आणि पर्यायाने सारा क्रम तोच येतो. पायथनमध्ये `pytest-randomly` हे प्लगिन क्रम पिसते आणि वापरलेला सीड अहवालाच्या माथ्यावर छापते. गो भाषेत 1.17 या आवृत्तीपासून `go test -shuffle=on` हेच करते. सीड न नोंदवता क्रम पिसणे मात्र न पिसण्याहून वाईट, कारण त्यात दोष दिसतो आणि पुराव्यासह नाहीसा होतो.

शोधाची रीत आता पायरी पायरीने सांगता येते. फेल झालेल्या रनचा सीड 4127 होता असे धरले, तर पहिली आज्ञा अशी:

```
pytest --randomly-seed=4127
```

ती पुन्हा फेल झाली तर कारण क्रमात किंवा यादृच्छिक संख्येत आहे, वेळेत नाही, असा भक्कम संकेत मिळतो. मग फेल झालेली चाचणी एकटी चालवावी. एकटी पास झाली तर ती बळी आहे आणि दोषी तिच्या आधीच्या चाचण्यांत आहे. त्या रनमध्ये तिच्या आधी 384 चाचण्या झाल्या असतील, तर त्यांपैकी पहिला अर्धा भाग आणि शेवटी बळी एवढेच चालवावे. फेल झाले तर दोषी त्या अर्ध्यात, पास झाले तर दुसऱ्यात. प्रत्येक फेरीत संशयित निम्मे होतात, त्यामुळे 384 वरून एकीपर्यंत यायला नऊ फेऱ्या लागतात. शेवटी क्रम हाताने देऊन खात्री करावी:

```
pytest -p no:randomly \
  test_pass.py::test_free_pass \
  test_fare.py::test_fare_from_db
```

रूबीच्या आरस्पेक या साधनात `rspec --bisect` हे सारे आपोआप करते. ही विभागणी कधी कधी अडते: दोन्ही अर्धे वेगवेगळे पास होतात आणि एकत्र फेल होतात. याचा अर्थ दोन चाचण्या मिळून दूषण करत आहेत, एक वस्तू ठेवते आणि दुसरी ती सक्रिय करते. अशा वेळी निम्म्याऐवजी चार, आठ असे लहान तुकडे करून एकेक तुकडा वगळत जावे लागते. आंद्रेआस त्सेलर यांची ‘डेल्टा डीबगिंग’ ही पद्धत नेमकी यासाठी आहे.

दोषी सापडल्यावरची दुरुस्ती सहसा लहान असते. `test_free_pass` ने कॅशमध्ये थेट लिहिण्याऐवजी `monkeypatch.setitem(_fares, "R1", 0)` वापरले तर चाचणी संपताच `pytest` जुनी स्थिती परत आणते, मग चाचणी पास होवो वा मध्येच कोसळो. चाचणीच्या शेवटच्या ओळीत साफसफाई लिहिणे पुरेसे नाही, कारण त्याआधीची ओळ फेल झाली तर शेवटची ओळ चालतच नाही, आणि एक खरे अपयश दहा खोटी अपयशे जन्माला घालते.

डेटाबेस ही स्मृतीहून मोठी सामाईक जागा आहे. तेथे प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात, चालवून शेवटी सारे रद्द करण्याची रीत रूढ आहे आणि ती चांगली आहे. तरी तिच्यातून काही गोष्टी निसटतात. पोस्टग्रेसमध्ये आपोआप वाढणारे क्रमांक ट्रान्झॅक्शन रद्द झाले तरी मागे येत नाहीत, म्हणून पहिल्या आरक्षणाचा क्रमांक 1 असेल असे धरणारी चाचणी केवळ सर्वांत आधी चालली तरच पास होते. तसेच `ORDER BY` न लिहिलेल्या क्वेरीने नोंदी कुठल्याही क्रमाने द्याव्यात, याची डेटाबेसला पूर्ण मुभा असते. लहान तक्त्यात त्या बहुधा टाकलेल्या क्रमाने येतात, आणि हे ‘बहुधा’च लहरीचे मूळ ठरते.

यादृच्छिकता

शुद्ध यादृच्छिकतेची प्रकरणे तुलनेने कमी आणि सोपी असतात, म्हणून त्यांचा विचार थोडक्यात करता येईल. एखादी चाचणी 1 ते 1000 मधून दहा तिकीट-क्रमांक यादृच्छिक निवडते आणि ते वेगवेगळे असतील असे धरते. दोन क्रमांक जुळण्याची शक्यता सुमारे 4.4 टक्के निघते, म्हणजे साधारण तेवीस रनमागे एक अपयश. येथे यादृच्छिक क्रमांकांऐवजी ओळीने क्रमांक द्यावेत, एवढेच करायचे असते. पायथनमध्ये अक्षरमालांचे हॅश, म्हणजे त्यांना साठवणीसाठी दिले जाणारे आकडे, 3.3 या आवृत्तीपासून दर प्रोसेसमध्ये बदलतात; परिणामी अक्षरमालांच्या `set` मधून घटक कुठल्या क्रमाने निघतील हे दर रनला वेगळे असू शकते. `PYTHONHASHSEED` ला ठरावीक संख्या दिली की क्रम गोठतो आणि तपास करता येतो. मात्र ती संख्या सीआयवर कायमची लावून ठेवणे म्हणजे दोष झाकणे होय.

हॅशच्या उदाहरणातून निदानाची एक उपयुक्त खूण मिळते. फेल झालेली चाचणी त्याच प्रोसेसमध्ये लगेच पुन्हा चालवली तर हॅश तेच राहतात आणि दूषित कॅशही तशीच राहते, म्हणून या दोन्ही प्रकारांत ती पुन्हा पुन्हा फेल होते. नव्या प्रोसेसमध्ये एकटी चालवली की कॅशचा बळी दर वेळी पास होतो आणि हॅशची चाचणी कधी पास तर कधी फेल होते. वेळेच्या दोषाची चाचणी मात्र त्याच प्रोसेसमध्येही दुसऱ्या खेपेला बहुधा पास होते. पुन्हा चालवणे हे अशा रीतीने निदानाचे साधन आहे, आणि त्याचा तेवढाच उपयोग करावा.

पुन्हा चालवण्याचे गणित

चाचणी दुरुस्त झाली हे किती रनवरून ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने दिले जाते आणि ते जवळजवळ नेहमी कमी असते. शंभरात एकदा फेल होणारी चाचणी ओळीने शंभर वेळा पास होण्याची शक्यता सुमारे 37 टक्के आहे, म्हणजे शंभर हिरव्या रननंतरही दुरुस्तीबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही. 95 टक्के खात्रीसाठी सुमारे 300 रन लागतात. ढोबळ नियम असा की जितक्या रनमागे एक अपयश येत असे त्याच्या तिप्पट रन सलग पास व्हावेत. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हजार चाचण्यांच्या संचात प्रत्येक चाचणी हजारांत एकदाच खोटी फेल होत असली, तरी संपूर्ण संच हिरवा येण्याची शक्यता तीच 37 टक्के उरते. एकेका चाचणीबाबत क्षम्य वाटणारे प्रमाण संचाच्या पातळीवर असह्य ठरते ते असे.

हा त्रास टाळण्यासाठी अनेक संघ सीआयला फेल झालेली चाचणी तीनपर्यंत वेळा चालवायला आणि एकदाही पास झाली तर पास धरायला सांगतात. लेखकाच्या मते या क्षेत्रातील सर्वांत महागडी सोय हीच आहे. आसनांच्या प्रोग्राममध्ये दोन प्रवाशांनी एकाच क्षणी A7 मागितले, दोन्ही थ्रेडनी ‘आसन मोकळे आहे का’ हे तपासले, दोघांनाही ‘हो’ असे उत्तर मिळाले आणि दोघांनीही ते आरक्षित केले, असे घडू शकत असेल तर ती रेस कंडिशन आहे: निकाल कोण आधी पोचतो यावर ठरतो. याची चाचणी दहात एकदा फेल होत असेल, तर तीन संधींच्या नियमाखाली ती हजारांत एकदाच लाल दिसेल. येथे चाचणी लहरी नाही, प्रोग्रामच लहरी आहे, आणि तीन संधींनी झाकला गेलेला दोष बसच्या दारात दोन प्रवाशांना एकाच आसनाचे तिकीट घेऊन उभा करतो.

मार्टिन फाउलर यांनी 2011 मध्ये लहरी चाचण्या मुख्य संचातून काढून वेगळ्या ठेवण्याची, म्हणजे विलगीकरणाची, शिफारस केली आणि त्यासोबत विलगीकरणातील चाचण्यांची संख्या व मुक्काम यांवर मर्यादा असावी असेही सुचवले. शिफारशीचा पहिला भाग सर्वत्र स्वीकारला गेला, दुसरा सहसा विसरला जातो. मालक आणि मुदत न लिहिता बाजूला ठेवलेली चाचणी व्यवहारात पुसलेलीच असते. मग ती उघडपणे पुसावी, म्हणजे प्रोग्रामचा तो भाग तपासला जात नाही हे निदान सर्वांना कळेल. आणि बाजूला ठेवताना सीड, क्रम, प्रोसेसची संख्या, सर्व्हरची वेळ आणि अपयशाचा निरोप एवढे पाच तपशील नोंदवावेत. त्यांच्याशिवाय पुढचा तपास शून्यापासून सुरू होतो.

लुओ आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष यासंदर्भात सर्वांत महत्त्वाचा आहे. लहरी चाचण्यांच्या दुरुस्त्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश दुरुस्त्यांमध्ये चाचणीबरोबर तपासला जाणारा मूळ कोडही बदलावा लागला होता, आणि त्यांपैकी बहुतेक सर्व ठिकाणी त्या कोडमध्ये खरा बग सापडला होता.